पांढरी ग्रेव्ही, सात ओळी

मध्यम आकाराच्या कुठल्याही शाकाहारी हॉटेलच्या स्वयंपाकघरात भिंतीवर, नाहीतर मॅनेजरच्या कपाटातल्या फायलीत, एक एसओपी असते. बहुतेकदा ती परवान्याच्या वेळी सल्लागाराकडून करून घेतलेली असते आणि तिच्यात हमखास असं एक वाक्य सापडतं: ‘शिजवलेले अन्न योग्य पद्धतीने थंड करून, योग्य प्रकारे झाकून, लेबल लावून शीतकपाटात ठेवावे.’ वाक्यात चूक काहीच नाही. पण काल कामाला लागलेल्या मुलाला ते वाचून दाखवलं तर त्याला काय कळेल? थंड किती, किती वेळात, कशात ओतून, कुणी पाहायचं आणि थंड झालंच नाही तर काय करायचं, यातलं काहीही त्या वाक्यात नाही. ‘योग्य’ हा शब्द दोनदा आला आहे, आणि दोन्ही वेळा तो नेमका तिथेच बसला आहे जिथे एखादा आकडा हवा होता.

अशा एसओपीवरून नव्या माणसासाठी चेकलिस्ट करायची म्हटली की मॅनेजर बहुधा एकच गोष्ट करतात. एसओपीतली वाक्यं तोडतात, प्रत्येक तुकड्यापुढे चौकोन काढतात, चाळीस ओळींचा कागद लॅमिनेट करून लटकवतात. पंधरा दिवसांत त्यावर तेलाचा थर बसतो आणि कुणी त्याकडे बघत नाही. चेकलिस्ट म्हणजे एसओपीचा सारांश नव्हे. एसओपी सगळं काम सांगते. चेकलिस्ट फक्त त्या जागा पकडते जिथे चूक झाली तरी त्या क्षणी कुणाला कळत नाही. हा फरक एका कामात शेवटपर्यंत जाऊन पाहू. काम निवडलं आहे पांढऱ्या ग्रेव्हीचं, आणि त्यातही शिजवण्याचं नव्हे, शिजल्यावर थंड करण्याचं.

आपल्याकडच्या हॉटेलांत भाज्यांची यादी साठ-सत्तर नावांची असली तरी त्यामागे मूळ ग्रेव्ह्या तीन-चारच असतात: लाल, पिवळी, पांढरी, कुठे हिरवी. सकाळी किंवा दुपारी मोठ्या टोपात ग्रेव्ही तयार करायची, थंड करून फ्रीजमध्ये ठेवायची आणि ऑर्डर येईल तशी कढईत घ्यायची, अशी पद्धत. लाल ग्रेव्हीत टोमॅटो भरपूर, त्यामुळे तिचा आंबटपणा जंतूंना थोडा तरी आवर घालतो. पांढरीत उकडलेला कांदा, काजू, मगज, कुठे दूध किंवा खवा. आंबटपणा जवळजवळ नाही, पौष्टिकता भरपूर, दाटपणाही भरपूर. शाही पनीर, मलई कोफ्ता, नवरत्न कुर्मा हे सगळे हिच्यावरच चालतात. चारांतली सर्वांत जपून हाताळायची ग्रेव्ही हीच.

जपायचं कशापासून, हे समजल्याशिवाय यादीत काय घ्यायचं ते ठरत नाही. ग्रेव्ही रटरटून उकळली की बहुतेक जंतू मरतात, हे खरं. पण काही जातींचे जंतू बीजाणूंच्या रूपात, म्हणजे कडक कवचात झोपल्यासारखे, उकळीतूनही तगतात. ग्रेव्ही कोमट होऊ लागली की ते जागे होतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जंतू ४३ ते ४७ अंश सेल्सियसच्या आसपास सर्वांत जोरात वाढतो आणि परिस्थिती मनासारखी असली तर साधारण दहा मिनिटांत दुप्पट होतो. दहा मिनिटांत दुप्पट म्हणजे दोन तासांत बारा वेळा दुप्पट, एकाचे चार हजारांवर. दुसरा बॅसिलस सेरियस, जो भातात, पिठूळ आणि दुधाच्या पदार्थांत रमतो. त्याच्या काही जाती असं विष तयार करतात की नंतर पुन्हा उकळी काढली तरी ते नष्ट होत नाही. ‘उद्या गरम करूनच देणार आहोत ना’ हा स्वयंपाकघरातला लाडका युक्तिवाद तिथे निकामी ठरतो. आणि या सगळ्यात वास, रंग, चव बदलेलच असं नाही. वस्तादाने बोटावर घेऊन चाटून पाहिली तरी त्याला काही कळणार नाही.

म्हणून नियम वेळेवर आणि तापमानावर बेतलेला आहे. एफएसएसएआयच्या केटरिंगसाठीच्या तपासणी-यादीत तो असा आहे: फ्रीजमध्ये ठेवायचं जोखमीचं शिजवलेलं अन्न ६० अंशांवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत उतरलं पाहिजे आणि पुढच्या दोन तासांत ५ अंशांपर्यंत. पहिला टप्पा महत्त्वाचा, कारण धोक्याचा वेग त्याच पट्ट्यात सर्वांत जास्त असतो.

आता एक स्वयंपाकघर डोळ्यांसमोर धरू. हॉटेल साठ-सत्तर खुर्च्यांचं. आत एक वस्ताद, दोन आचारी, तीन हेल्पर. रोज वीस लिटर पांढरी ग्रेव्ही लागते. नवीन हेल्पर आला आहे. मराठी थोडं कळतं, हिंदी चांगलं, वाचता येतं पण सावकाश. त्याला थंड करण्याचं काम द्यायचं आहे. यादी करणाऱ्याने लेखणी उचलण्याआधी दोन-तीन दिवस तिथे उभं राहून नुसतं पाहायचं, आणि एसओपीत काय आहे ते नव्हे, हात काय करतात ते टिपायचं.

पाहिलं तर असं दिसतं. दुपारी साडेचारला ग्रेव्ही उतरते. टोप ३५ सेंटिमीटर व्यासाचा, त्यात वीस लिटर म्हणजे जवळजवळ २१ सेंटिमीटर खोली. हेल्पर टोप ओट्याखाली सरकवतो, वर जाळीचं झाकण ठेवतो. दोन-तीन तासांनी हात लावून पाहतो. कडेला पातेलं कोमट लागतं. मग ग्रेव्ही डब्यांत भरतो, झाकणं घट्ट लावतो आणि फ्रीजमध्ये एकावर एक रचतो. एसओपीत ‘बर्फाच्या पाण्यात ठेवून थंड करावे’ असं लिहिलेलं आहे. बर्फ कुठे आहे? यंत्र लस्सी-ज्यूसच्या काउंटरवर, आणि दुपारी चारनंतर तिथला माणूस बर्फाला हात लावू देत नाही, कारण संध्याकाळच्या गर्दीला तो पुरत नाही.

इथे थोडं गणित करायला हरकत नाही. एक किलो बर्फ वितळताना साधारण ८० किलोकॅलरी उष्णता खेचतो. वीस लिटर ग्रेव्ही पाण्यासारखीच धरली आणि ती ६० वरून २१ अंशांवर आणायची, म्हणजे ३९ अंश खाली, तर तिच्यातून साधारण ७८० किलोकॅलरी काढावी लागते. म्हणजे सगळं काम बर्फावरच सोपवलं तर दहा किलोच्या आसपास बर्फ रोज लागणार. हा दहा किलो बर्फ कुणाच्या खात्यात आहे, याबद्दल एसओपी गप्प आहे. जी गोष्ट स्वयंपाकघरात उपलब्धच नाही तिच्यापुढे चौकोन काढला की पहिल्याच दिवशी खोटी खूण पडते, आणि एक खोटी खूण पचली की पुढच्या सहज पडतात. आधी बर्फाची सोय करायची, मग बर्फाची ओळ लिहायची. या हॉटेलात तोडगा असा निघतो: सकाळी डीप फ्रीजमध्ये पाण्याचे पसरट डबे गोठवायला लावायचे, ते फक्त ग्रेव्हीसाठी. शिवाय ट्रेखाली आधी नळाचं साधं पाणी घ्यायचं आणि वाफ ओसरल्यावर बर्फ टाकायचा, म्हणजे उकळत्या ग्रेव्हीवर बर्फ वाया जात नाही.

दुसरी गोष्ट खोलीची. दाट ग्रेव्ही स्वतःहून फारशी हलत नाही, त्यामुळे मधली उष्णता थरातून थर ओलांडत बाहेर येते. अशा पदार्थात जाडी निम्मी केली तर थंड व्हायला लागणारा वेळ नुसता निम्मा होत नाही, चौथाईच्या जवळपास येतो. २१ सेंटिमीटर खोल टोपाची कडा कोमट झाली तरी पोटात ग्रेव्ही नेमकी त्या चाळीस-पन्नास अंशांच्या पट्ट्यात तासन् तास बसलेली असते. तीच ग्रेव्ही पाच सेंटिमीटर खोलीच्या पसरट ट्रेंमध्ये ओतली तर गोष्टच वेगळी. हॉटेलांत मिळणाऱ्या पूर्ण आकाराच्या स्टीलच्या ट्रेमध्ये पाच सेंटिमीटरपर्यंत सात-साडेसात लिटर मावते. वीस लिटरला तीन ट्रे. हा आकडा यादीत जाणार.

असं पाहून झालं की कागदावर पंचवीस-तीस गोष्टी जमा होतात. आता त्यांतल्या बहुतेक काढून टाकायच्या, आणि इथेच मॅनेजरचा हात अडतो. काढायचं कसं, तर प्रत्येक गोष्टीला एक प्रश्न विचारायचा: हे राहिलं तर लगेच कळेल का? गॅस बंद करायचा राहिला तर ग्रेव्ही खाली लागेल, वास येईल, कुणीतरी ओरडेल. ही ओळ नको. मीठ राहिलं तर पहिल्याच प्लेटला कळेल. नको. काजूची पेस्ट खरपूस होऊ न देता परतणं, तळापासून झारा फिरवणं, ग्रेव्हीला किती तकाकी हवी ते ओळखणं, हे सगळं कौशल्य आहे. ते वस्तादाशेजारी उभं राहून शिकायचं; त्यापुढे खूण करून काही साधत नाही. नवा मुलगा ‘नीट ढवळलं’ यापुढे खूण करील, पण नीट म्हणजे काय ते त्याला त्या खुणेने कळलेलं नसतं. ढवळण्याबद्दल तर मी ठाम आहे: ते शिकवण्यात हवं, यादीत नको. दर काही मिनिटांनी पुन्हा पुन्हा करायच्या गोष्टीला एक चौकोन पुरत नाही आणि दहा चौकोन कुणी भरत नाही.

मागे उरतात त्या मुकाट्याने चुकणाऱ्या गोष्टी. ट्रे जास्त भरला. कधी ओतलं ते कुणाला आठवत नाही. बर्फ वितळून गेला. मधोमध तापमान पाहिलं नाही. पट्टीवर तारीख नाही. डबे एकमेकांना चिकटवून ठेवले. रात्री फ्रीजमध्ये ग्रेव्ही खरोखर थंड झाली की नाही ते पाहायचं राहिलं. एवढ्याच. यांतली एकही चूक त्या दिवशी दिसत नाही. दिसते ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आणि तीही आपल्याला नाही, गिऱ्हाईकाला.

ओळ लिहिताना तीन गोष्टी हव्यात: काय केलं, किती, आणि कशावरून कळलं. ‘अन्न योग्य खोलीच्या भांड्यात काढावे’ ऐवजी ‘३ ट्रे, ग्रेव्ही लाल रेघेच्या खाली’. रेघ ट्रेच्या आतल्या बाजूला पाच सेंटिमीटरवर कोरून घ्यायची. रंगाने मारलेली चालत नाही, कारण रंग सुटून अन्नात जातो. तिथल्या तिथे कळावी म्हणून त्याच उंचीवर बाहेरून लाल पट्टी. रेघ असली की मोजायची पट्टी लागत नाही आणि भाषाही लागत नाही. ‘वेळेत थंड करावे’ ऐवजी वेळ लिहायची रिकामी जागा. इथे एक बारकावा आहे. नियमातलं घड्याळ ६० अंशांवर सुरू होतं, पण ग्रेव्ही ६० वर कधी आली ते पाहायला कुणी थर्मामीटर धरून उभं राहत नाही. तेव्हा ट्रेमध्ये ओतल्यापासूनच दोन तास धरायचे. नियमापेक्षा हे थोडं कडक झालं, पण नव्या मुलाला एकच वेळ लक्षात ठेवावी लागते, आणि ती कागदावर लिहिलेली असते.

एवढं करून यादी अशी उभी राहते:

पांढरी ग्रेव्ही: ओतण्यापासून फ्रीजपर्यंत

ओतताना
१. ३ ट्रे, ग्रेव्ही लाल रेघेच्या खाली.
२. ओतल्याची वेळ: ____
३. ट्रे पाण्यात, वाफ गेल्यावर बर्फ टाकला.

ओतल्यापासून २ तासांच्या आत
४. मधल्या ट्रेचं मधोमध तापमान: ____ (२१ किंवा कमी). जास्त असेल तर लगेच वस्तादाला हाक.
५. झाकण, आणि पट्टीवर नाव, तारीख, वेळ.
६. फ्रीजच्या वरच्या फळीवर. ट्रेमध्ये चार बोटं अंतर.

ओतल्यापासून ४ तासांच्या आत
७. मधोमध तापमान: ____ (५ किंवा कमी). जास्त असेल तर वस्तादाला हाक.

सात ओळी. याहून जास्त झाल्या की उभ्या उभ्या वाचवत नाही. आणि त्या सलग नाहीत, तीन थांब्यांवर वाटलेल्या आहेत, हे सातपेक्षाही महत्त्वाचं. काम चालू असताना हात गुंतलेले असतात, तेव्हा कुणी कागद वाचत नाही. वाचलं जातं ते कामाचा एक तुकडा संपून दुसरा सुरू होण्याआधी. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी चेकलिस्ट काढली तिच्यात १९ मुद्दे आहेत, पण तेही तीन थांब्यांत वाटलेले: भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि रुग्णाला शस्त्रक्रियागृहातून बाहेर नेण्याआधी. थांबा चुकला तर ओळी कितीही चांगल्या असोत, उपयोग नाही.

आपल्या यादीतही थांबा चुकतोच, आणि तो कागदावर दिसत नाही. घड्याळ लावलं की दिसतो. साडेचारला ओतलं तर दुसरा थांबा साडेसहाला. ठीक. तिसरा साडेआठला. साडेआठला या स्वयंपाकघरात काय चालू असतं? सगळ्या शेगड्या पेटलेल्या, काउंटरवर ऑर्डरच्या चिठ्ठ्यांची रांग, फ्रीजचं दार दर मिनिटाला उघडतंय. अशा वेळी हेल्परने थर्मामीटर घेऊन फ्रीजपाशी जावं ही अपेक्षा म्हणजे थट्टा आहे. तो जाणार नाही; रात्री अकराला ‘४’ असा आकडा टाकून मोकळा होईल. यावर उपाय यादीत नाही, वेळापत्रकात आहे. ग्रेव्ही दीड तास आधी लावायची. तीनला ओतलं तर पाचला दुसरा थांबा, सातला तिसरा, आणि गर्दी आठला सुरू होते. चेकलिस्ट करायला बसलं की अशा गोष्टी बाहेर पडतात, आणि माझ्या मते निम्मा फायदा तोच असतो.

चौथ्या ओळीतली ‘हाक’ ही विनोदासाठी नाही. बहुतेक याद्या इथेच अपुऱ्या राहतात: बरोबर असेल तर खूण, आणि चुकलं तर काय, याचा पत्ता नाही. काल आलेला मुलगा वीस लिटर काजूची ग्रेव्ही फेकायचा निर्णय घेणार नाही. त्याला दोन तासांनी २९ अंश दिसले तर तो काय करील? २१ लिहील. म्हणून निर्णय त्याच्यावर टाकायचाच नाही. त्याचं काम हाक मारण्याचं. वस्तादाने काय करायचं ते एसओपीत असावं: दोन तास पुरते उलटण्याआधी कळलं तर बर्फ वाढवून, ट्रे आणखी पातळ करून २१ गाठता येतं. नेमकं दोन तासांवर कळलं तर एकदाच, फक्त एकदाच, ७५ अंशांच्या वर पुन्हा उकळून नव्याने थंड करता येतं. त्याहून उशिरा कळलं तर ग्रेव्ही गेली. आणि हाक मारणाऱ्यावर डाफरायचं नाही, हे मालकाने वस्तादाला चार लोकांसमोर सांगितलेलं असावं. एकदा डाफरलं की पुढच्या महिनाभर सगळे आकडे सुंदर येतात.

थर्मामीटरबद्दल दोन शब्द. टोकदार दांडीचा डिजिटल थर्मामीटर फार महाग येत नाही, पण त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवता येत नाही. आठवड्यातून एकदा ग्लासभर बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून, ढवळून, दांडी मधोमध धरायची. तळाला किंवा काचेला टेकू द्यायची नाही. शून्य दाखवायला हवं. काही लोक उकळत्या पाण्यात तपासतात, पण तिथे १०० ची अपेक्षा मुंबईतच ठेवावी. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे पाणी ९८ च्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला तर ९५-९६ लाच. आपला थर्मामीटर बिघडला असं समजून पुण्यातला एखादा माणूस चांगलं यंत्र फेकून देईल. बर्फाचा शून्य सगळीकडे सारखाच. आणि फ्रीजच्या दारावरचा आकडा हा आतल्या हवेचा असतो, ग्रेव्हीचा नाही. दारावर ४ आणि ट्रेच्या पोटात १८, असं सहज असू शकतं. सातव्या ओळीत ‘मधोमध’ आलं आहे ते यासाठी.

यादी लिहून झाली तरी ती अजून कच्चीच आहे. ती पारखायची कुणाकडून? वस्तादाकडून नाही. त्याला काम इतकं पाठ असतं की कागदावर नसलेलं तो डोक्यातून भरून काढतो. कागद त्या नव्या मुलाच्या हातात द्यायचा, आपण दोन पावलं मागे उभं राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. तो जिथे थबकतो, मागे वळून बघतो, तिथे ओळ चुकली आहे. ‘मधल्या ट्रेचं’ म्हणजे कुठल्या? तीन ट्रे एका ओळीत नसले तर मधला कोणता? त्याने कडेचा घेतला, आणि कडेचा लवकर थंड होतो. मग ओळ बदलायची: ‘तिन्हीपैकी सर्वांत गरम ट्रे’, आणि तो ओळखायला तिन्हींत दांडी बुडवायची. ‘मधोमध’ म्हणताना त्याने दांडी तळाला टेकवली. तळाखाली बर्फाचं पाणी, म्हणून आकडा कमी आला. हे ओळीत लिहिण्यापेक्षा एकदा हाताने दाखवणं सोपं. ‘चार बोटं’ त्याला पटकन कळलं, ‘१० सेंटिमीटर’ लिहिलं असतं तर कळलं नसतं. पट्टीवर त्याने तारीख लिहिली, पण ट्रेवर परवाची जुनी पट्टी तशीच होती. एका ट्रेवर दोन तारखा. म्हणून पाचवी ओळ झाली: ‘जुनी पट्टी काढली, नव्या पट्टीवर नाव, तारीख, वेळ.’ अशी दोन-तीन फेऱ्यांत यादी सुधारते. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात सुधारल्याची तारीख लिहायची आणि जुने कागद फाडून टाकायचे, नाहीतर दोन याद्या एकाच भिंतीवर नांदतात.

नवा माणूस यादी वापरतो ती जुन्यासारखी नाही. पहिले काही दिवस त्याने वाचायचं आणि मग करायचं, ओळीमागून ओळ. काम हाताला बसलं की उलट: आधी थांब्यापर्यंत सगळं करून टाकायचं, मग कागद वाचत राहिलं-साहिलं तपासायचं. मुलगा या दुसऱ्या टप्प्यात गेला की त्याच्याकडून वाचूनच करवून घेण्याचा हट्ट धरू नये. त्याला अपमान वाटतो आणि तो कागदाचा सूड घेतो. भाषेचं म्हणाल, तर यादी मराठीत आणि हिंदीत दोन्ही, ओळी अगदी त्याच क्रमाने. जिथे वाचणं कठीण तिथे ट्रेच्या रेघेचं आणि दांडी कुठे धरायची याचं साधं रेखाचित्र पुरतं.

आता यादीचे दिवस फिरतात ते कसे ओळखायचे? खुणा बघू नका, आकडे बघा. महिन्याचे कागद पुढे पसरा. चौथ्या ओळीत रोज २०, २०, २०, २१, २० असं असेल तर ते मोजलेलं नाही, लिहिलेलं आहे. खरे आकडे वेडेवाकडे येतात: १७, २०, १४, २३ आणि हाक, १९. मे महिन्यात चढतात, पावसाळ्यात उतरतात, ज्या दिवशी बर्फ कमी पडला त्या दिवशी उडी मारतात. सगळ्या ओळी एकाच पेनाने, एकाच तिरक्या हाताने भरलेल्या दिसल्या तर त्या रात्री बाराला भरल्या आहेत. म्हणूनच शक्य तिथे खूण नको, आकडा किंवा वेळ लिहायला लावावी. आकडा खोटा लिहायला थोडा तरी विचार करावा लागतो, आणि खोटा लिहिला तरी तो नंतर ओळखता येतो. खुणेचं तसं नाही.

चेकलिस्टवर भोळा विश्वास ठेवणाऱ्यांसाठी वर सांगितलेल्या शस्त्रक्रियेच्या यादीची पुढची हकिकत उपयोगी आहे. २००९ मध्ये जगभरातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिल्लीतलं एक रुग्णालय होतं. यादी वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं. पुढे कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात तीच यादी शेकडाभर रुग्णालयांत सक्तीने लागू झाली आणि २०१४ मध्ये त्याचा निकाल आला: मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. यादी तीच होती. पहिल्या ठिकाणी लोकांना तयार करून, शिकवून, आपल्या पद्धतीला जुळवून घेत ती आणली होती. दुसऱ्या ठिकाणी ती मुख्यतः वरून आली. दोन अभ्यासांतल्या फरकाची कारणं यापेक्षा जास्त असतील आणि त्यावर तज्ज्ञांत वाद आहेत. पण भिंतीवर कागद लावला म्हणजे काम बदललं असं होत नाही, एवढं तरी त्यातून कळतं.

यादीने काय होत नाही तेही सांगायला हवं. वस्ताद सुटीवर गेला तर ग्रेव्हीला चव ती येणार नाही. काजू खवट निघाले, कांदा उकडताना कच्चा राहिला, तर ही सात ओळी काही बोलणार नाहीत. फ्रीजच जुना झाला आणि संध्याकाळी आत बारा अंश राहू लागले, तर सातवी ओळ ते दाखवील, दुरुस्त करणार नाही. आणि हॉटेलात अशी दहा कामं असतील, तर दहाही याद्या एकदम काढू नका. सर्वांत मुकी चूक जिथे होते, ते एक काम घ्या. ते सुरळीत झालं, आकडे वेडेवाकडे येऊ लागले, हाका ऐकू येऊ लागल्या, मगच दुसरं. तळणाच्या तेलाचं काम त्यानंतरचं म्हणून घ्यायला हरकत नाही. तिथेही एफएसएसएआयने मर्यादा ठरवलेली आहे: तेलातल्या ध्रुवीय संयुगांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही, आणि तेही डोळ्यांना पूर्णपणे दिसत नाही, मोजावंच लागतं.

तुमच्या स्वयंपाकघरात एसओपीची फाईल असेलच. ती उघडा, ‘योग्य’ हा शब्द कुठे कुठे आला आहे त्याखाली रेघ मारा, आणि उद्या दुपारी ग्रेव्ही उतरल्यावर दोन तासांनी टोपाच्या मधोमध थर्मामीटर घालून पाहा. जो आकडा येईल, त्यावरून पहिली ओळ लिहायला घ्या.